वजाचं चिन्ह कुठे हरवलं? f आणि f' चा ग्राफ काढून उत्तर तपासण्याचा माझा अनुभव

खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातली बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकतात आणि पीयूसी सायन्सला आल्यावर एकदम इंग्रजीतलं कॅल्क्युलस हातात घेतात. त्यांच्या वह्या तपासताना मला एक गोष्ट सारखी दिसते. नियम पाठ असतो, पद्धतही बरोबर असते, पण मधल्या एका ओळीत वजाचं चिन्ह उलटं पडतं आणि तिथून पुढचं सगळं गणित बिनचूक असूनही चुकीचं होतं. मागच्या पानावर उत्तर पाहून इतकंच कळतं की आपलं चुकलंय. कुठे चुकलं हे मात्र ग्राफवरून कळू शकतं. ते कसं, हे एकाच उदाहरणावरून सांगतो.

उदाहरण हे: f(x) = (x² − 3x + 1)e^(−x). याचे क्रिटिकल पॉइंट काढायचे आहेत. प्रॉडक्ट रूल लावला की (2x − 3)e^(−x) − (x² − 3x + 1)e^(−x) येतं. e^(−x) बाहेर काढून कंस सोडवला की −(x² − 5x + 4)e^(−x), म्हणजेच −(x − 1)(x − 4)e^(−x). क्रिटिकल पॉइंट x = 1 आणि x = 4.

या गणितात चिन्ह तीन जागी घसरतं.

पहिली जागा: e^(−x) चं डेरिव्हेटिव्ह घेताना घातांकातला वजा बाहेर आणायचा राहतो. मग मधलं वजा अधिक होतं, कंसात x² − x − 2 उरतं आणि त्याचे (x − 2)(x + 1) असे सुरेख फॅक्टर पडतात. ही चूक सर्वांत फसवी. फॅक्टर इतके स्वच्छ पडले की कुणालाही वाटतं, गणित जमलं.

दुसरी जागा: वजा आणला, पण कंस सोडताना तो फक्त x² ला लावला; −3x आणि +1 तसेच राहिले. मग −x² − x − 2 येतं. याचा डिस्क्रिमिनंट −७, म्हणून मुलं लिहून मोकळी होतात की क्रिटिकल पॉइंट नाहीत.

तिसरी जागा: सगळं बरोबर, पण शेवटी बाहेरचा वजा लिहायचा राहिला. क्रिटिकल पॉइंट १ आणि ४ असे बरोबर येतात, मात्र मॅक्सिमम आणि मिनिमम यांची अदलाबदल होते.

तपासायला मी जिओजेब्रा वापरतो. फोनवर ॲप एकदा घेतलं की नेट नसतानाही चालतं. चार ओळी टाकायच्या:

```
f(x) = (x^2 - 3x + 1) exp(-x)
g(x) = (x^2 - x - 2) exp(-x)
n(x) = (f(x+0.001) - f(x-0.001)) / 0.002
d(x) = g(x) - n(x)
```

f म्हणजे दिलेलं फंक्शन. g म्हणजे हाताने काढलेलं डेरिव्हेटिव्ह, जसं वहीत आहे तसं. इथे मुद्दाम पहिल्या चुकीचं घेतलंय. n म्हणजे f च्या जवळजवळच्या दोन किमतींवरून काढलेला उतार. यात कुठलाही नियम वापरलेला नाही, म्हणून नियम वापरताना झालेली चूक यात येऊच शकत नाही. आणि d म्हणजे दोघांतला फरक. जिओजेब्रात f'(x) लिहूनही काम होतं, पण उतार म्हणजे नेमकं काय हे n च्या ओळीत डोळ्यांसमोर राहतं, म्हणून मला ती बरी वाटते.

ग्राफ बघण्याआधी f बरोबर टाकलाय का ते पाहायचं. x = 0 ला १ आणि x = 1 ला −०.३७ च्या आसपास आलं पाहिजे. या दोन किमती हाताने सहज निघतात. कंस चुकीच्या जागी पडला तर n सुद्धा त्या चुकीच्या f चाच उतार दाखवतो आणि वहीतलं बरोबर उत्तर उगाच चुकीचं ठरतं.

आता खिडकी, म्हणजे पडद्यावर x आणि y कुठून कुठपर्यंत दिसतात ते. इथे बहुतेक जण फसतात. x ऋण बाजूला सरकेल तसं हे फंक्शन भराभर वाढतं; x = −2 ला त्याची किंमत ८१ च्या पुढे जाते. उलट x = 4 ला ती जेमतेम ०.०९ आहे. x चा पल्ला −२ ते ८ ठेवून सगळा आलेख पडद्यावर बसवला, तर उजवीकडे नुसती सपाट रेघ दिसते आणि दोन्ही क्रिटिकल पॉइंट त्या रेघेत गडप होतात. x साठी ० ते ८ आणि y साठी −०.५ ते १ घेतलं की x = 1 चा खड्डा स्पष्ट दिसतो. x = 4 चा उंचवटा बघायला y अजून दाबावा लागतो: x साठी ३ ते ८, y साठी ० ते ०.१२. म्हणून क्रिटिकल पॉइंट काढले की प्रत्येकाजवळ f ची किंमत हाताने काढायची आणि त्या किमतीवरून खिडकी ठरवायची.

y खाली −५ पर्यंत नेऊन खिडकी नीट लावली की g आणि n वेगळ्या वाटेने जाताना दिसतात. x = 0 ला n म्हणतो −४, g म्हणतो −२. चूक आहे हे इथेच ठरलं. आता ती शोधायला d कडे बघायचं.

एखाद्या पदाचं चिन्ह उलटं पडलं तर खऱ्या आणि चुकीच्या उत्तरातला फरक त्या पदाच्या बरोबर दुप्पट असतो. +A च्या जागी −A आलं तर फरक −2A, आणि −A च्या जागी +A आलं तर 2A. त्यामुळे d चा आलेख कशाच्या दुप्पट आहे हे ओळखलं की हरवलेला वजा सापडतो.

पहिल्या चुकीत d आणि 2f(x) यांचे आलेख एकावर एक बसतात. पडताळायला `2f(x)` अशी एक ओळ टाकायची. प्रॉडक्ट रूलच्या दुसऱ्या पदात f जशाच्या तसा येतो, म्हणजे ते अख्खं पद उलट्या चिन्हाने आलंय आणि वजा e^(−x) चं डेरिव्हेटिव्ह घेतानाच सुटलाय. एक गंमतही दिसते: f जिथे शून्य होतो, म्हणजे साधारण ०.३८ आणि २.६२ ला, तिथे g आणि n एकमेकांना छेदतात. एवढ्याच जागी कुणी किमती तपासल्या तर चुकीचं उत्तर बरोबर वाटेल.

दुसऱ्या चुकीत d थेट ओळखू येत नाही. पण `d(x) exp(x)` लिहून e^(−x) काढून टाकला की सरळ रेषा मिळते: −6x + 2. अर्धी केली की −3x + 1. वहीत चिन्ह न बदलता राहून गेलेली दोन पदं हीच. मुलाला त्या ओळीवर बोट ठेवून दाखवता येतं की कंस इथे चुकीचा सुटला.

तिसऱ्या चुकीत g आणि n हे x अक्षाच्या वर-खाली एकमेकांचं प्रतिबिंब असतात. `g(x) + n(x)` टाकलं की बेरीज शून्यावर झोपते.

g दुरुस्त केला की d शून्यावर यायला हवा, पण अगदी नेमका शून्य येत नाही. n च्या ओळीतलं अंतर h = ०.००१ घेतल्यावर या फंक्शनसाठी x = 0 पाशी साधारण ०.०००००२७ इतका फरक उरतो, कारण n हा जवळच्या दोन बिंदूंमधला उतार आहे, नेमका त्या बिंदूचा नाही. काही प्रोग्राम y अक्ष आपोआप ताणतात. मग एवढासा फरकही डोंगरासारखा दिसतो. अक्षावरचे आकडे वाचल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही. फरक कमी व्हावा म्हणून h अगदी बारीक, म्हणजे 10^(−15) वगैरे केला तर उलटंच होतं: जवळजवळ सारख्या दोन संख्यांच्या वजाबाकीत सगळे अंक नाहीसे होतात आणि आलेख दातेरी होतो. ०.००१ पुरे.

क्रिटिकल पॉइंट वाचताना होणारी चूक वेगळीच. f' च्या आलेखावर दोन वळणं दिसतात, १.७ च्या जवळ माथा आणि ५.३ च्या जवळ तळ. मुलांची नजर तिथेच जाते आणि तेच क्रिटिकल पॉइंट म्हणून लिहिले जातात. ती f'' शून्य होण्याची ठिकाणं. आपल्याला हवं ते f' अक्ष कुठे छेदतो ते. x = 1 ला f' वजातून अधिकात जातो, तिथे मिनिमम; x = 4 ला अधिकातून वजात येतो, तिथे मॅक्सिमम. दोन्ही आलेख एकाखाली एक ठेवून उभी रेघ ओढली की f चा खड्डा आणि f' चा छेद एकाच रेघेवर येतात. रेघ जुळली नाही तर क्रिटिकल पॉइंट चुकलाय. प्रश्नात [0, 5] असा अंतराल असेल तर टोकंही बघा: f(0) = 1, f(5) साधारण ०.०७ आणि f(4) फक्त ०.०९. म्हणजे सर्वांत मोठी किंमत टोकाला, x = 0 वर आहे; x = 4 चा मॅक्सिमम फक्त आसपासच्या भागापुरता.

ही पद्धत दोन ठिकाणी अपुरी पडते. प्रश्न उतरवतानाच चूक झाली असेल, तर f, g आणि n तिघंही त्या चुकीच्या प्रश्नाशी इमानदार राहतात आणि d शून्य येतो. दुसरं, जिथे आलेखाला टोक आहे तिथे डेरिव्हेटिव्हच नसतं. उदाहरणार्थ ∛(x²)·(5 − x). याचं डेरिव्हेटिव्ह शून्य फक्त x = 2 ला होतं, म्हणून वहीत तेवढंच उत्तर असतं. पण x = 0 हाही क्रिटिकल पॉइंट आहे आणि तिथे मिनिमम आहे. जिओजेब्रात हे `cbrt(x)^2 (5 - x)` असं टाकावं, म्हणजे ऋण x साठीही आलेख नीट येतो. मग n चा आलेख x = 0 पाशी खालून वर जवळजवळ उभा जाताना दिसतो. अशी उभी रेघ दिसली की पडद्यावरचं थांबवून कागदावर यायचं आणि त्या बिंदूच्या डावीकडचा आणि उजवीकडचा उतार वेगवेगळा काढायचा. इथे डावीकडे तो वजा अनंताकडे जातो, उजवीकडे अधिक अनंताकडे.