वास गेला, गॅस नाही गेला

गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणं हा माझा धंदा. बर्नर साफ करायचे, नळ्या बदलायच्या, सिलिंडरच्या तोंडातली चिरलेली रबरी रिंग काढून नवी बसवायची. याखेरीज मला एक गोष्ट येते. ती आमच्या वस्तीत सगळ्यांना माहीत आहे आणि तिचं कोणाला फारसं अप्रूप नाही. ठरवून लांब श्वास ओढला की इतरांना न येणारा वास मला येतो. कुठून येतोय तेही कळतं. बाकी उडता वगैरे येत नाही. मुलं ‘नाकवाली मावशी’ म्हणतात आणि हरवलेली मांजरं शोधायला बोलावतात.

मांजरांना मी साफ नकार देते, कारण अशा प्रत्येक ओढीमागे माझा एक वास कायमचा जातो. कोणता जाणार ते माझ्या हातात नाही. पहिल्या पावसाच्या मातीचा फार पूर्वीच गेला. हे ऐकून लोक हळहळतात, मला तितकं वाटत नाही. जळक्या वायरचा गेला तेव्हा मात्र पोटात गोळा आला. उद्या गॅसचाच वास गेला तर? म्हणून साबणाच्या फेसाने भागतं तिथे नाक खर्चायचं नाही, हे मी ठरवून टाकलंय.

त्या दिवशी दुपारी मधल्या बोळातल्या एका काकूंनी बोलावलं. सकाळपासून घरात गॅसचा वास येत होता. मी रेग्युलेटर, नळी, शेगडीचे नॉब सगळीकडे साबणाचं पाणी लावलं. कुठेही बुडबुडा नाही. शेजारच्या दोन घरांतही तेच. तेवढ्यात काकू म्हणाल्या, “आता नाही येत गं. गेला वाटतं.” शेजारणीही म्हणाल्या, गेला. खरं सांगायचं तर मलाही येईनासा झाला होता.

हीच वेळ वाईट. गॅसमध्ये वासासाठी मुद्दाम मरकॅप्टन मिसळलेलं असतं. हवेत साधारण दोन टक्के गॅस झाला की ठिणगीने पेट घेऊ शकतो. माणसाला त्याच्या कितीतरी आधी वास यावा, अशा हिशोबाने ते घालतात. पण नाक त्या वासाला फार लवकर सरावतं. अर्धा तास त्यात बसलेल्या माणसाला ‘वास गेला’ असं वाटतं, तेव्हा बहुतेक वेळा वास नव्हे, नाक गेलेलं असतं. याची परीक्षा सोपी आहे. बाहेरून नुकतंच आलेलं माणूस गाठायचं. काकूंची नात तेव्हाच शाळेतून आली आणि उंबऱ्यावरच म्हणाली, “आजी, ई! कसला वास येतोय!”

म्हणजे गॅस होता आणि तो या घरांतला नव्हता.

आमचा बोळ उतरता आहे. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरायचं, एवढा रुंद. मधून फरशीखालून गटार जातं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जवळजवळ दुप्पट जड असतो. तो वर जात नाही. पाणी जसं उताराला लागतं तसा तोही जमिनीलगत खाली सरकतो आणि खळग्यात साचतो. वास मधल्या बोळात येतोय, तर उगम वरच्या अंगाला असणार आणि साठा खालच्या. साठ्याची भीती आधी, कारण उगमापाशी गॅस फक्त येत असतो, साठ्यापाशी तो वाट बघत असतो.

मी खाली गेले. तिथल्या कोणालाही वास येत नव्हता. बायका दारात गप्पा मारत होत्या, “इथे नाही बाई काही, वरतीच असेल.” हे ऐकून मला जास्त धसका बसला. माती आणि गंज मरकॅप्टन शोषून घेतात. गटार फुटलेलं असेल आणि गॅस जमिनीच्या भरावातून पाझरत गेला असेल, तर पलीकडे निघणारा गॅस बिनवासाचा असू शकतो. उरलासुरला वास गटाराच्या घाणीत बुडतो. माझ्या पिशवीत गॅस ओळखायचं छोटं यंत्र होतं, पण ते साध्यातलं. त्याचा स्वतःचा भोंगा गॅसमध्ये सुरक्षित आहे अशी हमी नसते. साचलेल्या गॅसमध्ये मी ते चालू करत नाही.

म्हणजे नाकच. भिंतीला टेकून मी सगळा श्वास सोडला, डोळे मिटले आणि ओढला.

गॅसला स्वतःचा वास नसतो असं म्हणतात. मला येतो. कोरडा, थंड, थोडासा नव्या पत्र्यासारखा. गटार, साबण, ओले कपडे, बायकांच्या डोक्याचं तेल, या सगळ्यांच्या खाली, घोट्याच्या उंचीवर तो पसरलेला होता आणि एका दाराच्या फटीतून बाहेर ओघळत होता. शेवटून दुसरी खोली. जमीन बोळापेक्षा दोन पायऱ्या खाली, उजेडाला वरचा एक झरोका. तिथे रात्रपाळीचे एक रखवालदार काका राहतात. दिवसा ते आतून कडी लावून झोपतात. जमिनीवर.

दार वाजवायला उचललेला हात मी मागे घेतला. काका जागे झाले की पहिल्यांदा काय करतील? दिवा लावतील. त्या खोलीत भर दुपारीही दिवा लागतो. शिवाय आत फ्रिज होता. त्याचा आवाज झरोक्यातून येत होता, आणि मी उभी असतानाच तो थांबला. फ्रिज आपला आपण परत सुरू होतो आणि सुरू होताना आत बारीकशी ठिणगी पडते. कोणी बटणाला हात लावायची गरज नाही.

वीज तोडायची, पण इथे उभं राहून नाही. बोळातला कोणताही स्विच वर करा की खाली, ठिणगी तीच. आमच्यातला वायरमन रस्त्याच्या कडेला चहा पीत बसला होता. मी ओरडून त्याला खांबावरच्या पेटीतून अख्ख्या बोळाचा फ्यूज काढायला सांगितलं. पेटी रस्त्यावर, उंच, गॅसपासून लांब. त्याने एका शब्दाने ‘का’ विचारलं नाही, हे मी विसरणार नाही. एरवी तो प्रत्येक गोष्टीला तीनदा ‘का’ विचारतो.

वीज जायला दोन-तीन मिनिटं लागली असतील. तेवढ्यात फ्रिज सुरू झाला नाही, हे निव्वळ नशीब. पण वीज गेली की अंधाऱ्या खोल्यांतून माणसं काय करतात? काडी ओढतात. हे मला पेटीचं सांगतानाच सुचलं होतं, म्हणून दोन पोरं बोळाच्या दोन टोकांना आधीच उभी केली होती. “काडी ओढू नका, मेणबत्ती लावू नका, बाहेर या!” एवढंच ओरडत राहायचं. गर्दीच्या वस्तीचा हा एक फायदा. पाच मिनिटांत निरोप न पोचलेलं घर उरत नाही. तोटा असा की निम्मे लोक बाहेर येऊन नेमके माझ्याभोवतीच जमले. त्यांना काकूंनी हुसकलं.

मग मी दार ठोठावलं. बराच वेळ काही नाही. मग आत हालचाल झाली, आणि मला आवाज आला: टक्. काकांनी दिव्याचं बटण दाबलं होतं. थोड्या वेळाने परत टक्. मग फळीवर हात चाचपडल्याचा आवाज.

मी झरोक्याला तोंड लावून ओरडले, “काका, काडेपेटी सोडा! गॅस आहे. काही शोधू नका, चपलासुद्धा नाही. फक्त कडी काढा आणि या!”

ते आले. तोंड उतरलेलं, डोकं धरलेलं, पाय लटपटत होते. उघड्यावर बसवल्यावर म्हणाले, “मला तर काही वास नाही आला.”

उगमासाठी मी नाक वापरलं नाही. वरच्या अंगाला तीन खोल्यांना कुलूप होतं. वायरमन रस्त्यावरून आलेला, म्हणजे ताज्या नाकाचा. त्याला प्रत्येक मोरीच्या भोकाजवळून नुसतं चालत जायला लावलं. तिसऱ्याशी त्याने तोंड फिरवलं. कुलूप फोडलं नाही, कारण हातोड्याचीही ठिणगी उडते. कोयंड्याचे स्क्रू हाताने काढले. आत कॉटखाली सिलिंडर आडवा सारलेला. टोपी नाही, तोंडावर पांढरं हिमासारखं जमलेलं. उभ्या सिलिंडरमधून गळतो तो वायू. आडव्यातून द्रव गळतो, आणि तो हवेत आला की अडीचशे पटीच्या आसपास फुगतो. इवलीशी गळती बोळ भरून टाकते ती अशी. तोंडातली पिन अडकून राहिली होती, झडप पुरती मिटली नव्हती. सिलिंडर उभा केला, टोपी दाबून बसवली, फुसफुस थांबली. दोघांनी उचलून तो मोकळ्या मैदानात नेला.

पुढचं काम कंटाळवाणं होतं. झरोका उघडून जमिनीवरचा गॅस जात नाही, म्हणून दार सताड उघडून ओली चादर खालून हलवत राहिलो. गटारात बादल्यांवर बादल्या पाणी ओतलं. गॅसवाल्यांचे लोक त्यांचं चांगलं यंत्र घेऊन आले, कोपरे न् कोपरे तपासले, तेव्हा कुठे संध्याकाळी फ्यूज परत बसला.

घरी माझी एक फळी आहे. तिच्यावर डब्यांत साबण, रबर, कोळसा, रॉकेलची चिंधी असं ठेवलेलं असतं. ओढीनंतर मी एकेक उघडून बघते. पहिला डबा नेहमी गॅसचा, एका जुन्या रेग्युलेटरच्या वॉशरचा. तो आला. मग बाकीचेही सगळे आले. काय गेलं ते कळेना, म्हणून जरा बरंच वाटत होतं. मग मी भांडी घासत असताना कोणीतरी खांद्यावर हात ठेवला आणि मी किंचाळले. नवरा होता. तो जिना चढायला लागला की मला आधीच कळायचं, इतकी वर्षं.

त्याने विचारलं, “आज कोणता गेला?”

“साबणाचा,” मी म्हटलं.

“मग ठीक आहे,” असं म्हणून तो हातपाय धुवायला गेला.

तीन दिवसांनी त्या वरच्या खोलीचे मालक गावाहून आले आणि थेट माझ्या दारात. मला वाटलं, आभार मानायला. ते म्हणाले, कोयंड्याची भोकं मोठी झाली आहेत, स्क्रू आता धरत नाहीत, ते कोणी करून द्यायचं? मी पिशवीतून एक इंच लांबीचे चार स्क्रू काढले आणि त्यांच्याबरोबर गेले. बसवता बसवता कॉटखाली वाकून बघितलं. दुसरा सिलिंडर होता. आडवाच.

“आधी हा उभा करा,” मी म्हटलं, “मग चौथा स्क्रू.”