ताप नसलेला डेंग्यू

श्रावणात खानापूर तालुक्यातली तिशीची एक बाई हिरड्यांतून रक्त येतंय म्हणून आली. पायांवर मोहरीएवढे लाल ठिपके, दाबले तरी न विरणारे. प्लेटलेट 6,000. पावसाळ्यात आमच्याकडे असा आकडा दिसला की डेंग्यूच धरतात. घरच्यांनी तिला पपईच्या पानांचा रसही पाजला होता. पण ताप एकदाही नव्हता, हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी ठीक होत्या.

आधी स्लाइड स्वतः बघितली. रक्त गोठू नये म्हणून नळीत घातलेल्या ईडीटीएमुळे कधी कधी प्लेटलेटचे गठ्ठे होतात आणि मशीन खोटाच कमी आकडा देतं. इथं गठ्ठे नव्हते. मोजक्याच, पण आकाराने मोठ्या प्लेटलेट होत्या. प्लीहा हाताला लागत नव्हती. डेंग्यू, एचआयव्ही, हिपॅटायटिस सी, चालू औषधं, कशातूनच कारण निघेना, तेव्हा आयटीपी हा प्रतिकारशक्तीच्या गफलतीचा आजार धरला.

भाऊ म्हणाला, "चार पिशव्या चढवा की ओ डॉक्टर, रक्त द्यायला माणसं उभी हैत बाहेर."

चढवून फारसं टिकत नाही. या आजारात शरीर स्वतःच्याच प्लेटलेटवर अँटिबॉडी चिकटवतं. प्लीहेतल्या मॅक्रोफेज पेशी या अँटिबॉडीचं शेपूट पकडतात आणि प्लेटलेट गिळतात. एरवी सात ते दहा दिवस जगणारी प्लेटलेट काही तासांत संपते, आणि दात्याच्या प्लेटलेटचीही तीच गत होते. मेंदूत रक्तस्राव झाला असता तर मी पिशव्या लावल्याच असत्या, पण सोबत इम्युनोग्लोब्युलिन देऊन. ते मॅक्रोफेजना गुंतवून ठेवतं आणि हे गिळणं काही काळ थोपवतं. महाग औषध आहे, म्हणून ते अशा वेळेसाठी राखून ठेवतो.

तिला डेक्सामेथासोन दिलं, रोज 40 मिलिग्रॅम, चारच दिवस, शुगर आणि बीपी तपासत. स्टेरॉइडने हे गिळणं मंदावतं आणि पुढे अँटिबॉडीही कमी तयार होतात. सहाव्या दिवशी प्लेटलेट 54,000 होत्या. दीड महिन्यानं पुन्हा 11,000. असं बऱ्याच जणांचं होतं.

मग एल्ट्रोम्बोपॅग 50 मिलिग्रॅम सुरू केलं. अँटिबॉडीमुळे हाडांच्या मज्जेतलं प्लेटलेटचं उत्पादनही मागे पडलेलं असतं. ही गोळी प्लेटलेट बनवणाऱ्या पेशींना जोर देते. नाश थांबत नाही, भर वाढते. एक-दोन आठवड्यांत फरक दिसायला हवा होता. तीन आठवडे झाले तरी आकडा 14,000च.

डोस वाढवण्याआधी विचारलं, गोळी कशाबरोबर घेता?

"दुधासंगं. कडक गोळी हाय म्हणून."

घरात दोन म्हशी. दुधातलं कॅल्शियम या औषधाला पोटातच बांधून टाकतं, रक्तात फारसं काही पोचत नाही. दूध, दही, ताक, कॅल्शियमची गोळी यांच्या दोन तास आधी किंवा चार तासांनंतरच ते घ्यायचं. ती पहाटे चारला धार काढायला उठते. तेव्हा गोळी पाण्याबरोबर, आणि चहा सहानंतर, असं ठरवलं. डोस तोच ठेवला. दोन आठवड्यांनी प्लेटलेट 62,000.