प्रेयर ७० च्या वाटेवर: केऑस अल्टर, डोक्यावरची कवटी आणि वाइल्डरनेसची रेष

तर मंडळी, पावसाचा अपडेट. प्रेयर ६६ झालं. ७० झालं की पायटी मिळते (क्वेस्ट आणि डिफेन्स आधीच करून ठेवलंय), म्हणून हा सगळा खटाटोप. आणि यावेळी मी घरच्या गिल्डेड अल्टरवर न बसता वाइल्डरनेसमधल्या केऑस अल्टरवर हाडं घालतोय. मी, ज्याने आजवर ओल्ड स्कूल रुनस्केपमध्ये एकाही माणसावर तलवार उचलली नाही. फोंड्यातले आमचे ग्रुपवाले हसले, म्हणाले तू लाकडं तोडणारा माणूस, तुला तिथे काय काम. पण हिशोब बघा आधी.

ड्रॅगन बोन पुरलं तर ७२ एक्सपी. गिल्डेड अल्टरवर दोन्ही धुपाटणी पेटवून घातलं तर साडेतीनपट, म्हणजे २५२. केऑस अल्टरवरही साडेतीनपटच, पण तिथे प्रत्येक वेळी ५० टक्के चान्स असतो की हाड खर्चच होत नाही, हातात तसंच राहतं. म्हणजे सरासरी एक हाड दोनदा वापरलं जातं, ५०४ एक्सपी. ६० पासून ७० पर्यंत साधारण ४ लाख ६४ हजार एक्सपी लागतात, घरी बसून त्याला १८४० च्या आसपास हाडं, इथे ९२० च्या आसपास. अर्धा खर्च. ड्रॅगन बोनचा भाव माहितीये ना.

आता हे फुकट नाही, अल्टर वाइल्डरनेस लेव्हल ३८ वर आहे. ज्यांनी कधी एजव्हिलचा तो खंदक ओलांडला नाही त्यांच्यासाठी सांगतो, खंदकाच्या दक्षिणेला तुम्हाला कोणी हात लावू शकत नाही, उत्तरेला लावू शकतो. इथे वेगळं बटण दाबून पीव्हीपी चालू करावं लागत नाही, पाय कुठे आहे तेच बटण. पण पहिल्या पावलाला सगळे तुटून पडतात असंही नाही. जितकी वाइल्डरनेस लेव्हल तितकाच कॉम्बॅट लेव्हलचा फरक चालतो. मी कॉम्बॅट ८६. खंदकापाशी लेव्हल १ वर मला फक्त ८५ ते ८७ वाले मारू शकतात, अल्टरपाशी ३८ वर ४८ पासून १२४ पर्यंतचे सगळे. गेममध्ये कमाल लेव्हलच १२६, म्हणजे जवळजवळ सगळी दुनिया. म्हणून मला ही सेफ झोनची सरळ रेष वाटतच नाही, उतार वाटतो, जितकं उत्तरेला जाल तितकं शांत माणसाचं कवच पातळ.

पळून जाण्याचंही तसंच. साधे टेलिपोर्ट लेव्हल २० पर्यंत चालतात, ग्लोरी अॅम्युलेटसारखे काही दागिने ३० पर्यंत, त्याच्या वर काही नाही. ३८ वर अडकलात तर दक्षिणेला धावत ३० गाठायचं, आणि त्यात कोणी टेलिब्लॉक टाकला तर पाच मिनिटं टेलिपोर्ट बंद. प्रोटेक्ट फ्रॉम मॅजिक चालू असताना लागला तर अर्धा वेळ, तरी अडीच मिनिटं म्हणजे तिथे जन्म.

मग लढणारे आणि न लढणारे यांच्यात फरक करतो कोण? कवटी. ज्याने तुमच्यावर हात उचललेला नाही त्याच्यावर तुम्ही पहिला वार केलात की तुमच्या डोक्यावर पांढरी कवटी येते, २० मिनिटं राहते. कवटी नसताना मेलात तर सगळ्यात महाग तीन वस्तू तुमच्याकडे राहतात, प्रोटेक्ट आयटम प्रेयर चालू असेल तर चार. कवटी असताना मेलात तर शून्य, प्रेयर चालू असेल तर एक (आणि समोरच्याने स्माइट लावून प्रेयर संपवली तर तीही नाही). स्वतःवर वार झाल्यावर उलट मारलं तर कवटी येत नाही. म्हणजे गेम कोणाला मारू नको म्हणत नाही, तो म्हणतो सुरुवात केलीस तर तुझं सगळं पणाला. मला हे फार आवडतं, पण याची मर्यादाही तिथेच दिसते, कारण मुरलेला पीकर स्वस्तातली हत्यारं घालूनच येतो. कवटी आली तरी त्याचं फार काही जात नाही.

तर मीही तेच केलं, कवटीशिवाय. माझी फेरी अशी: अंगावर काही नाही, फक्त बर्निंग अॅम्युलेट, बॅगेत २७ हाडं. अॅम्युलेटने लाव्हा मेझला उतरायचं, तो लेव्हल ४१, तिथून पश्चिमेला आणि थोडं खाली धावत देवळात, हाडं अल्टरवर. नोट केलेली हाडंही नेता येतात, देवळात एक एल्डर केऑस ड्रुइड आहे तो ५० नाण्यांना एक हाड सोडवून देतो, पण मी नोटांचा गठ्ठा नेत नाही, मेलो तर सगळा गठ्ठा जातो आणि मग वाचलेल्या तीन वस्तू म्हणजे तीन हाडं, बाकीची समोरच्याच्या बॅगेत. हाडं संपली की परत धावत यायचंच नाही, देवळातली झामोराकची वाइन उचलत राहायचं, ती दर वेळी थोडा जीव खाते, शेवटी आपण मरतो आणि लम्ब्रिजला उठतो. अंगावर एक अॅम्युलेटच, ते तीनातलं एक म्हणून सोबत येतं. मरण म्हणजे इथे घरी जायची बस.

आणि मेलो तरी नुकसान किती? केऑस अल्टर घरच्यापेक्षा बरोबर दुप्पट देतो, म्हणून जोपर्यंत नेलेल्या हाडांपैकी निम्म्याहून जास्त अल्टरवर पडतात तोपर्यंत मी फायद्यात. समजा तीन फेऱ्यांमागे एक फेरी पोचता पोचताच लुटली गेली, तरी दोन तृतीयांश हाडं लागली, सरासरी हाडामागे ३३६ एक्सपी, घरच्या २५२ पेक्षा जास्तच. दर दुसऱ्या फेरीला मार पडायला लागला तर मात्र काटोकाट बरोबरी, मग तो वर्ल्ड सोडायचा किंवा घरी बसायचं. पीकर दिसला की चिडून त्याच दिवशी अजून हाडं नेणं हा वेडेपणा, हे आमच्यातल्या एकाला अजून पटलेलं नाही.

वाचायचं कसं, तर मिनीमॅपवर. दुसरा खेळाडू म्हणजे पांढरा ठिपका. अल्टरवर बसल्यावर माझी नजर हाडांवर नसतेच, ठिपक्यांवर असते. ठिपका आला आणि तो पण बॅगेतून हाडं काढतोय तर आपला बिरादर. सरळ माझ्याकडे येतोय किंवा डोक्यावर आधीच कवटी आहे, तर लगेच लॉगआऊट आणि दुसरा वर्ल्ड. हे पहिला वार बसायच्या आधीच करावं लागतं, कारण मारामारी थांबल्यावर दहा सेकंदांपर्यंत लॉगआऊट होता येत नाही आणि तो थांबतो कशाला. आणि पावसात आमच्याकडे पेडण्याला लाइट गेली की वायफाय गेलं, मारामारी चालू असताना नेट तुटलं तर तुमचा माणूस काही लगेच गायब होत नाही, तो तिथेच उभा राहून मार खातो. म्हणून अल्टरच्या फेऱ्या मी फोनवर मोबाइल डेटानेच करतो.

फोनची एक वेगळी भानगड आहे, जाड बोट. सेटिंगमध्ये `PK skull prevention` चालू ठेवा, मग ज्याच्यावर वार केल्याने कवटी येईल त्याच्यावर तुमचा वार होतच नाही. आणि `Player 'Attack' options` हे `Hidden` केलं तर समोरच्यावर टॅपने हल्ला होऊच शकत नाही. यात उलट मारणंही जातं, पण आपण मारायला गेलोच कुठे. डिचोलीचा आमचा एक मित्र हे न करता व्हिप, फ्युरी आणि ड्रॅगन बूट घालून गेला होता, नेमक्या तीन महाग वस्तू, म्हणजे मेला तरी त्या सुरक्षित. दोघेजण आले. एकाने वार केला, हा उलट मारायला बोट टेकवतोय तेवढ्यात दुसरा त्याच चौकटीवर येऊन उभा राहिला, टॅप त्या दुसऱ्यावर गेला, ज्याने याला काही केलेलं नव्हतं. कवटी. मग दोघांनी मिळून संपवला आणि तिन्ही वस्तू गेल्या. याला स्कल ट्रिक म्हणतात, आणि बघा यात नियम कुठेच मोडला नाही, नियमानेच त्याला मारलं.

नियम खरंच मोडला होता तो २००६ च्या जूनमध्ये, जुन्या रुनस्केपमध्ये, त्याचा किस्सा तुम्हाला माहीत असेलच. एकाच्या गेममधल्या घरात पार्टी होती, तिथल्या कॉम्बॅट रिंगमध्ये मारामारी चालते. घरातून सगळे एकदम बाहेर फेकले गेले आणि काही जणांना मारायची परवानगी बाहेरही चिकटून राहिली. त्यातल्या एकाने फॅलाडॉरच्या भर चौकात, जिथे कोणी कोणाला मारू शकत नाही, लोक कापत सुटायचं ठरवलं, आणि लोकांना उलट मारताही येईना. परवानगी जागेला नाही तर माणसाला बांधली गेली की काय होतं ते तिथे दिसलं.

माणसाला बांधलेला फ्लॅग मुद्दाम केला तर चालतो म्हणा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये `/pvp` बंद केलं तरी पाच मिनिटं फ्लॅग राहतो, नाहीतर लोक वार करून लगेच साधू झाले असते. २०१८ पासून तिथे वॉर मोड आहे, शहरात चालू करायचा, मग तसेच चालू केलेले लोकच तुम्हाला भेटतात, आणि वर थोडा बोनस. अल्टिमा ऑनलाइनने तर २००० मध्ये अख्ख्या जगाची दुसरी प्रत काढली, ट्रॅमेल, जिथे लुटालूट नाही, आणि जुन्या फेलुकात माणसं टिकावीत म्हणून पुढे तिथे माल दुप्पट मिळायला लागला. आमचं केऑस अल्टर त्याच जातीचं. आमिष नसेल तर माझ्यासारखा तिथे जाणार नाही आणि मी गेलो नाही तर पीकरने मारायचं कोणाला? डिसेंबर २००७ मध्ये जुन्या गेममधून वाइल्डरनेसची मारामारी काढून टाकली होती, खऱ्या पैशाने सोनं विकणारे तिथे मरून माल हातोहात देत म्हणून, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये परत आणावी लागली. आपला ओल्ड स्कूल मात्र ऑगस्ट २००७ च्या बॅकअपवर उभा आहे, म्हणून आपल्याकडे खंदकापलीकडे ती पहिल्यापासूनच होती.

आता ७० साठी अजून २ लाख ४१ हजार एक्सपी, म्हणजे या अल्टरवर धरली तर ४८० च्या आसपास हाडं. चवथीच्या सुट्टीत सगळे गावाला असतात, वर्ल्ड मात्र तेव्हाही भरलेले असतात कारण पीकर काही आपल्या गावचे नसतात. सकाळी लवकर कमी ठिपके दिसतात असा माझा अंदाज आहे. तुमच्यापैकी कोणी केऑस अल्टरला नियमित जात असेल तर वेळ आणि वर्ल्ड सांगा, आणि नोटा घेऊन जाणारे कोणी असाल तर एका वेळी किती नेता तेही.