नव्वदची चूक आणि पालकांना लिहिलेली चिठ्ठी

माझ्या शिकवणीत चौदा मुलं आहेत. महिन्याच्या शेवटी प्रत्येकाच्या वहीत पालकांसाठी मी एक चिठ्ठी चिकटवते. पहिली काही वर्षं त्यात मी काय लिहायचे? ‘प्रगती समाधानकारक. वजाबाकीकडे लक्ष द्यावे.’ चौदा चिठ्ठ्या अर्ध्या तासात हातावेगळ्या व्हायच्या.

चौथीतल्या एका मुलाच्या चिठ्ठीत मी लिहिलं होतं, ‘हातच्याची वजाबाकी कच्ची आहे, घरी सराव घ्यावा.’ त्याचे वडील रिक्षा चालवतात. त्यांनी रोज रात्री पंचवीस वजाबाक्या घालायला सुरुवात केली आणि आठवड्याभरानं दारात येऊन म्हणाले, “बाई, येतंय की त्याला! पंचविसातली तेवीस बरोबर असतात. तुम्ही उगाच कच्चा म्हणता.”

मला जरा लागलं. पण त्या दोन चुका कोणत्या, हे मलाही सांगता आलं नाही. ते गेल्यावर मी त्याचा चाचणीचा पेपर काढला. दहा गणितं होती. बिनहातच्याची चारही बरोबर, एकदाच हातचा घ्यायची तिन्ही बरोबर, आणि वरच्या संख्येत शून्य असलेली तिन्ही चूक. त्यांची उत्तरं अशी होती:

```
४०३ − १६८ = १४५   (बरोबर उत्तर २३५)
५०२ − २४७ = १६५   (बरोबर उत्तर २५५)
७०० − ३२६ = २८४   (बरोबर उत्तर ३७४)
```

तिन्ही उत्तरं बरोब्बर ९० ने कमी. निष्काळजीपणाच्या चुका अशा एका मापाच्या नसतात. दुसऱ्या दिवशी त्याला पहिलं गणित बोलत-बोलत सोडवायला लावलं. तीनातून आठ जात नाहीत. शेजारी शून्य, तिथं मागून उपयोग नाही, म्हणून थेट शतकाच्या ४ कडून घेतला, ४ चे ३ केले आणि एककात १३ लिहिले. दशकात शून्य तसंच राहिलं. मग त्यातून सहा जाईनात, म्हणून पुन्हा शतकाकडून घेतला, ३ चे २ झाले. म्हणजे पहिल्या वेळी शंभर काढले, पण एककात दहाच आले. उरलेले नव्वद कुठं गेले, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं. आणि घरी रोज पंचविसातली शून्यवाली एक-दोन गणितं तो याच पद्धतीनं घोटत होता.

ती चिठ्ठी मी पुन्हा लिहिली. अशी:

‘एकदा हातचा घ्यायची वजाबाकी त्याला पक्की येते, ती आणखी देऊ नका. वरच्या संख्येत मध्ये शून्य आलं की तो चुकतो. सोबत त्यानं सोडवलेलं एक गणित जोडलं आहे. रोज फक्त तीन गणितं द्या, तिन्ही शून्याची. आधी पैशांनी, मग वहीत. शंभराच्या चार नोटा आणि एकेक रुपयाची तीन नाणी त्याच्यापुढे ठेवा आणि १६८ रुपये मागा. सुटे तुमच्याकडे ठेवा, तो मागेल तसे द्या. उत्तर आलं की त्यात १६८ मिळवून ४०३ होतात का, हे त्यालाच पाहू द्या. चुकलं तर खोडून देऊ नका, वही तशीच पाठवा. शाब्दिक गणितं तो अजून अडखळत वाचतो, पण या महिन्यात तिकडे वळू नका.’

शेवटचं वाक्य लिहिताना हात थांबला होता. कच्चेपणा माहीत असून ‘तिकडे वळू नका’ म्हणायचं, हे पालकांना कसं वाटेल? पण एका महिन्यात घरी एकच गोष्ट धड होते, तीही आई-वडील दमून आलेले असताना दहा मिनिटांत.

वडिलांनी चिठ्ठी दारातच वाचली आणि हसले. “म्हणजे शंभरची नोट मोडली आन् दहाच रुपये घेऊन आला म्हणा की! आमच्या धंद्यात असं केलं तर झालंच.” इतकं नेमकं मला फळ्यावर कधी सांगता आलं नव्हतं. रात्री त्यांनी दिवसभराची चिल्लर पुढ्यात ओतली. शंभर मोडून दहाच्या दहा नोटा, त्यातली एक मोडून दहा नाणी. हातात नऊ नोटा उरल्या, तेव्हा शून्याच्या डोक्यावर ९ का लिहायचा, हे पोराला दिसलं.

नोटा आठ दिवसांत बंद केल्या, नाहीतर मुलं त्यांवरच अडून राहतात. पुढच्या चाचणीत तीन अंकी तिन्ही गणितं बरोबर आली. मी मुद्दाम १००० − ४५८ घातलं होतं. त्यानं लिहिलं ६४२, म्हणजे या वेळी शंभर जास्त. शतकाच्या घरात ९ करायचे राहून १० तसेच राहिले होते.

त्या महिन्याच्या चिठ्ठीत एवढंच लिहिलं, ‘तीन अंकी आता जमतं. पाचशेच्या दोन नोटा ठेवून ४५८ मागा, आणि पाचशेचे सुटे एकदम देऊ नका.’