ऊन चढलं की बंद

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदार काकांच्या घरी मी फेब्रुवारीत गेलो, तेव्हा आम्ही बसवलेल्या सोलरच्या तक्रारीची ती चौथी फेरी होती. आधीच्या तीन फेऱ्यांमध्ये एकदा इन्व्हर्टर बदलून झाला होता, एकदा सॉफ्टवेअर नवीन टाकलं होतं, आणि एकदा "लाइटीचा दाब जास्त आहे, वीज कार्यालयात अर्ज करा" असं सांगून आमचा माणूस परतला होता. काकांनी अर्जही केला. लाइनमनने मीटरवर दाब मोजला, २४२ व्होल्ट आला. "आमच्याकडून बरोबर आहे," म्हणून तो निघून गेला. तो बरोबरच होता, आणि हे आमच्यातल्या कुणीच कबूल केलं नव्हतं.

काकांनी माझ्यासमोर एक वही ठेवली. रोज संध्याकाळी इन्व्हर्टरवरची युनिटं टिपलेली, शेजारी हवेची नोंद. "साहेब, हे बघा. लख्ख ऊन पडलं त्या दिवशी सोळा युनिटं. हवा जरा ढगाळ होती त्या दिवशी अठरा. ऊन चढलं की हे बंद पडतंय. द्राक्षाला ढग नको आणि तुमच्या सोलरला ऊन नको, मी करायचं काय?"

५.४ किलोवॅटचे पॅनेल आणि ५ किलोवॅटचा सिंगल फेज इन्व्हर्टर. लख्ख उन्हाच्या दिवशी चोवीस-पंचवीस युनिटं यायला हवीत. मोबाइलवर आलेख पाहिला. अकरा वाजेपर्यंत सुरेख चढण, मग तीन वाजेपर्यंत करवतीचे दाते, मग पुन्हा सुरेख उतार. प्रत्येक दात्याच्या टोकाला `Grid Overvoltage`, म्हणजे ग्रिडचा, वीज कंपनीच्या लाइनचा, दाब जास्त. ढगाळ दिवसाचा आलेख मात्र टेकडीसारखा गोल. हा आलेख आमच्या ऑफिसातही दिसतो. तो नीट पाहिला असता तर चांगला इन्व्हर्टर काढून दुसरा चांगला इन्व्हर्टर बसवायची वेळ आली नसती.

आपल्याकडच्या नियमाप्रमाणे दाब ११० टक्क्यांच्या वर गेला की इन्व्हर्टरने दोन सेकंदांत ग्रिडपासून सुटायचं असतं. २३० चे ११० टक्के म्हणजे २५३ व्होल्ट. सुटल्यावर दाब किमान साठ सेकंद स्थिर दिसला की मगच तो पुन्हा जोडला जातो आणि हळूहळू पॉवर वाढवत वर येतो. वर आला की पुन्हा २५३, पुन्हा बंद. दाते होतात ते असे.

पॅनेल गोठ्याच्या पत्र्यावर, इन्व्हर्टर गोठ्याच्या भिंतीवर, आणि मेन बोर्ड घराच्या सोप्यात. मधे आवार. टेपने मोजलं, वायर जिथून जाते तिथून ५० मीटर. वायर चार एमएम, म्हणजे चार चौरस मिलिमीटर छेदाची, तांब्याची, फ्लेक्झिबल, पाइपातून कुंपणाच्या कडेने उन्हात गेलेली.

हेल्परला मीटर देऊन मेन बोर्डापाशी उभा केला, मी इन्व्हर्टरच्या एसी टर्मिनलवर, दोघं फोनवर. इन्व्हर्टर बंद असताना दोन्हीकडे २४०. चालू केला. १० अ‍ॅम्पियरला माझ्याकडचा आकडा त्याच्यापेक्षा ५.८ व्होल्टने जास्त. १८ अ‍ॅम्पियरला त्याच्याकडे २४२.३, माझ्याकडे २५२.७. फरक १०.४. पुढच्या क्षणी इन्व्हर्टर सुटला आणि दोन्ही मीटर पुन्हा २४० वर आले.

दाब ग्रिडचा असता तर दोन्ही मीटर सोबत चढले असते. मेन बोर्डावर जेमतेम दोन व्होल्ट वाढले, ते खांबावरून येणाऱ्या सर्व्हिस वायरमुळे. बाकीचे दहा आमच्या वायरमध्ये. अ‍ॅम्पियरमागे अर्ध्या व्होल्टहून थोडा जास्त, आणि करंटच्या प्रमाणात सरळ वाढत जाणारा. जॉइंट उघडून पाहिले, घट्ट होते, कुठे काळवंडलेलं नव्हतं. गणितही तेच सांगत होतं. फेज जायला ५० मीटर, न्यूट्रल यायला ५० मीटर, म्हणजे १०० मीटर तार. त्या चार एमएम तारेचा रेझिस्टन्स थंड असताना अर्धा ओहम, उन्हात आणि करंटने तापली की ०.५७. पूर्ण २० अ‍ॅम्पियरला साडेअकरा व्होल्ट.

काकांना समजावायला अवघड गेलं नाही. मोठ्या पंपाचं पाणी बारीक पाइपने ढकललं तर पंपाजवळचं गेज चढतं, शेताच्या टोकाला काही कळत नाही. "म्हणजे पाइप बारीक झाली," ते लगेच म्हणाले. ज्याने वायर टाकली त्या आमच्या इलेक्ट्रिशियनला मात्र पटवायला अर्धा तास गेला. त्याचं म्हणणं, चार एमएम २० अ‍ॅम्पियरला जळत नाही. खरंच जळत नाही. पण वायर जळणार नाही एवढी जाड असणं वेगळं आणि दाब चढू देणार नाही एवढी जाड असणं वेगळं. पाच-सात मीटरवर पहिला हिशेब पुरतो, पन्नास मीटरवर दुसराच चालतो. घरच्या वायरिंगमध्ये टोकाला दाब कमी होतो, एवढंच आमच्या मुलांना शिकवलेलं असतं. इथे वीज उलट्या दिशेने जाते, म्हणून इन्व्हर्टरला बोर्डापेक्षा वरचा दाब धरावा लागतो, हे कुणी सांगत नाही.

एका सहकाऱ्याने फोनवर सुचवलं, सेटिंगमध्ये जाऊन मर्यादा २६५ कर, पाच मिनिटांचं काम. मी केलं नाही. एक तर ते नियमाबाहेर. दुसरं, गोठ्यातले बल्ब आणि पंखा याच वायरवरून इन्व्हर्टरजवळ जोडलेले होते. भर दुपारी त्यांना घरातला २४२ नव्हे, इन्व्हर्टरजवळचा दाब मिळत होता.

सर्वांत जास्त खटकलं ते असं की इन्व्हर्टर सोप्यातच बसवला असता तर हीच चार एमएम जाडी पॅनेलपासून सोप्यापर्यंतच्या डीसी केबलला पुरली असती. दहा पॅनेल सिरीजमध्ये, म्हणजे सुमारे ४१५ व्होल्ट आणि १३ अ‍ॅम्पियर. पन्नास मीटरवर साडेसहा-सात व्होल्ट पडले असते, दीड टक्क्याच्या आसपास. तेवढी युनिटं गेली असती, पण ट्रिप कधीच झालं नसतं. पण आता पॅनेलच्या वायरी, अर्थिंग, सगळं गोठ्यापाशी झालं होतं आणि घरात इन्व्हर्टरचा आवाज काकूंना नको होता.

म्हणून आवारातून चर खोदून २५ एमएमची दोन कोअर अ‍ॅल्युमिनियम आर्मर्ड केबल टाकली. तांब्याची १६ एमएमही तेवढंच काम करते, पण महाग पडते. इन्व्हर्टरच्या टर्मिनलमध्ये २५ एमएम शिरत नाही, म्हणून शेजारी जंक्शन बॉक्स लावून तिथून तांब्याचा छोटा तुकडा घेतला. अ‍ॅल्युमिनियम आणि तांबं जिथे भेटतात तिथे बायमेटल लग मी स्वतः क्रिम्प केले. ते कुणाच्या हाती सोपवत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला २० अ‍ॅम्पियर चालू असताना बोर्डावर २४२.५, इन्व्हर्टरवर २४५.४. त्या दिवशी वहीत चोवीस युनिटं लिहिली गेली.

मग मी फाइल काढली. सिस्टिम ऑगस्टमध्ये भर पावसात चालू करून दिलेली, तेव्हा करंट ६ अ‍ॅम्पियर. साडेतीन व्होल्टचा फरक, कुणाच्या लक्षात येणार? त्या रिपोर्टवर सही माझीच आहे. त्यात इन्सुलेशन आहे, अर्थिंग आहे, पोलॅरिटी आहे. दोन्ही टोकांचा व्होल्टेज लिहायला रकाना नाही, आणि एसी केबलची लांबी लिहायलाही नाही. आता मी तो हाताने आखून घेतो आणि करंटसकट दोन्ही आकडे लिहितो. पावसाळ्यात चालू केलेल्या आणखी सहा घरांचे आलेख काढले. दोन घरांत दाते आहेत.

निघताना काकांनी वही पुन्हा उघडली. पाऊस थांबल्यापासूनचे उन्हाचे दिवस त्यांनी मोजले होते, शंभर भरले. दिवसाला आठ युनिटं. "हे आठशे युनिट कुणाच्या खात्यात, साहेब?" मी पानांचे फोटो काढून ऑफिसला पाठवले. तीन आठवडे झाले, उत्तर आलेलं नाही.