साहेब अचानक नोकरी सोडून गेले आणि नोटीस तीन दिवस अडकली: माझा अनुभव

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत एचआर-ॲडमिन बघतो. ऑगस्ट २०२३ मधली गोष्ट आहे, पण अजून आठवलं की डोकं तापतं म्हणून एकदाचं लिहून काढतोय. कुणाच्या कंपनीतला मोठा माणूस असा एका दिवसात नोकरी सोडून गेला आणि कामगारांना काय सांगायचं हे तुमच्यावर आलं तर उपयोगी पडेल.

२९ ऑगस्ट, मंगळवार. संध्याकाळी साडेसहाला आमचे प्लँट हेड मालकांच्या केबिनमधून बाहेर आले, ड्रॉवरमधला चष्मा आणि डबा घेतला, सिक्युरिटीकडं गाडीचा पास दिला आणि गेले. राजीनामा टेबलावर होता. चौदा वर्षं होते. का गेले हे मला आजही पूर्ण माहीत नाही आणि नोटिशीत ते लिहायचं पण नसतं. तारीख आणि "आता कंपनीत नाहीत" एवढं बास. "वैयक्तिक कारणास्तव" हे सुद्धा मी खोडलं, कारण त्यांनी स्वतः तसं लिहून दिलं नव्हतं आणि कामगार ते वाचून दुसऱ्याच गोष्टी जोडतात.

मसुदा मी त्याच रात्री घरी बसून लिहिला, अर्धा तास लागला. पण बोर्डवर लागायला शुक्रवार उजाडला. अडकलं कुठं, तर एका ओळीत: "पगार वेळेवर होईल."

मालक म्हणाले ही ओळ सगळ्यात वर टाक. मी म्हटलं साहेब, टाकतो, खरं आधी खात्री करूया. आमचा पगार नेटबँकिंगवरून जातो, अकाउंट्सवाले एक्सेल अपलोड करतात आणि मंजुरीचं बटण दाबणारा युजर एकच होता, प्लँट हेड. त्यांचा मोबाईल, त्यांचा ओटीपी. अकाउंट्समधल्या एकानं सुचवलं की साहेबांना फोन करून ओटीपी मागूया, ते नाही म्हणणार नाहीत. मी तिथंच थांबवलं. गेलेल्या माणसाच्या लॉगिननं पैसे पाठवले तर उद्या काही झाल्यास त्यांच्या पण गळ्याशी आणि आमच्या पण. पहिल्या रात्रीच बँकेला मेल टाकून तो युजर बंद करायला लावला पाहिजे, मी दुसऱ्या दिवशी दुपारी टाकला, तुम्ही उशीर करू नका.

आमच्याकडं १८४ जण. त्या वेळच्या पगाराच्या कायद्यानं हजारापेक्षा कमी कामगार असतील तर ७ तारीख संपायच्या आत पगार झाला पाहिजे. म्हणजे हातात आठ दिवस. त्यात पुढं गणपती, निम्मे लोक ॲडव्हान्सची वाट बघत होते.

बुधवारी सकाळी बँकेत गेलो. नवा मंजुरीवाला द्यायचा म्हणजे बोर्डाचा ठराव, नव्या माणसाचं केवायसी, नमुना सही आणि युजरचा फॉर्म. ठरावासाठी मीटिंग बोलवायची तर सात दिवसांची नोटीस लागते असं आमच्या कंपनी सेक्रेटरींनी सांगितलं, पण हा विषय फिरत्या ठरावानं होतो, म्हणजे कागद सगळ्या डायरेक्टरांना पाठवायचा आणि बहुमतानं होकार आला की झालं. तीन डायरेक्टर, संध्याकाळपर्यंत तिघांचा होकार आला. इथपर्यंत मला वाटलं जमलं.

गुरुवारी बँकेनं कागद परत दिले. दोन कारणं. एक, ठरावात आम्ही "प्रभारी प्लँट हेड" असं पद लिहिलेलं, नाव नव्हतं. बँकेला माणूस लागतो, पद चालत नाही. दुसरं कारण आपल्या भागातल्या सगळ्यांना माहीत असलेलं. आमच्या प्रॉडक्शन मॅनेजरचं आधार इथलं, त्याच्यावर आडनावाआधी नुसती इनिशियल्स. पॅन काढलं ते कोल्हापूरला नोकरीला असताना, त्याच्यावर स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव असं लांबलचक. बँकेच्या सिस्टीमला ही दोन माणसं. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "दोन्ही नावं एकाचीच आहेत असं ॲफिडेव्हिट आणा." आणलं, नोटरीकडं दीड तास बसून. मग म्हणाल्या फॉर्म वरच्या ऑफिसला जाणार, युजर कधी चालू होईल सांगता येत नाही. मी तीन वेळा विचारलं, तारीख द्या, अंदाजे तरी द्या. नाही. मला त्या बाईंचा राग नाही, त्यांच्या हातात नव्हतंच, पण कागद बघून घेताना पहिल्याच दिवशी ही दोन्ही कारणं सांगता आली असती.

आणि इकडं मालकांचं म्हणणं, बँकेचं झाल्याशिवाय नोटीस लावायची नाही. "अर्धवट सांगून लोकांना कशाला घाबरवायचं?" मला ते पटत नव्हतं, खरं बुधवारी मी गप्प बसलो. ते दोन दिवस भोवले. खानापूर लाईनच्या बसमध्ये चर्चा, चंदगडहून येणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर चर्चा, कंपनी विकली, फर्नेस बंद होणार. गुरुवारी दुपारी तीनच्या शिफ्टला मोल्डिंगची पोरं आत आली पण लाईनवर उभीच राहिली नाहीत. फेटलिंगमधले एक वयस्कर मामा मला गेटजवळच अडवून म्हणाले, "साहेब, आम्ही काय ऐकूलोय ते खरं काय? साहेब गेले तर गेले, आमचं काय ते सांगा की." त्यांच्या मागनं एकानं कन्नडमध्ये तेच विचारलं, "पगार बरतैतो इल्लो?" वीस मिनिटं लाईन थांबली. फर्नेसमध्ये मेटल वितळलेलं होतं आणि ओतायला मोल्ड नव्हते, मेंटेनन्सवाला डोक्याला हात लावून उभा.

त्या रात्री मी मालकांना सांगितलं की पगार होईल असं लिहू नका आणि होणार नाही असंही लिहू नका, कधी सांगू ते लिहा. यावर ते अर्धा मिनिट काही बोलले नाहीत, मग "टाक" म्हणाले.

शुक्रवारी १ सप्टेंबरला लावलेली नोटीस ही. वर कन्नड, खाली मराठी, बिहार-ओडिशाच्या पोरांसाठी हिंदीत सुपरवायझरनं वाचून दाखवली.

"सर्वांना कळवण्यात येते की आपले प्लँट हेड २९ ऑगस्टपासून कंपनीत नाहीत. आजपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत प्रॉडक्शन मॅनेजर प्लँटचा चार्ज बघतील. रजा, ओव्हरटाईम आणि गेटपासवर त्यांची सही चालेल. पन्नास हजारांवरची खरेदी आणि कुणालाही कामावर घेणं-काढणं मालक स्वतः बघतील. शिफ्ट, बस, कँटीन यात बदल नाही. साहेबांनी आधी मंजूर केलेल्या रजा तशाच राहतील. बँकेत सहीचा बदल चालू आहे. ऑगस्टचा पगार कोणत्या दिवशी जमा होईल ते सोमवारी ४ तारखेला संध्याकाळी ५ वाजता याच बोर्डवर लिहू. काही विचारायचं असेल तर एचआरमध्ये या."

एवढंच. "कंपनी भक्कम आहे", "आपण एक कुटुंब आहोत" हे मालकांनी घातलेलं, मी विनंती करून काढलं. साहेबांनी मंजूर केलेल्या रजांची ओळ मात्र त्या मामांमुळं आली, त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याची रजा साहेबांनी तोंडी दिलेली. ती ओळ वाचून ते माझ्याकडं बघून नुसती मान हलवून गेले.

चार्ज घेणाऱ्या माणसाशी आधी बोला, नीट. आमचे प्रॉडक्शन मॅनेजर तयार होते, पण लायसन्सवर "फॅक्टरी मॅनेजर" म्हणून नाव जाणार हे कळल्यावर थबकले, आणि बरोबर आहे त्यांचं. तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात कसूर झाली तर मालक आणि मॅनेजर दोघांवर जबाबदारी येते, दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. त्यांनी रात्रभर वेळ मागितला, घरी बोलले आणि दोन गोष्टी लिहून घेतल्या: मुदत आणि सेफ्टीसाठी लाईन थांबवायचा पूर्ण अधिकार. नव्या मॅनेजरनं चार्ज घेतल्यापासून सात दिवसांत इन्स्पेक्टरला लेखी कळवावं लागायचं, ते काम एका दिवसात झालं. मधल्या काळात कुणीच मॅनेजर नसला तर कायद्यानं मालकच मॅनेजर धरला जायचा, हे सांगितल्यावर मालकांनी पण घाई केली. आता लेबर कोड आलेत, तुमच्या कन्सल्टंटला आजचा नियम विचारून घ्या.

पगाराचं काय झालं ते राहिलंच. शनिवारी मी कंटाळून खात्याची जुनी फाईल काढली. खातं उघडतानाचं मँडेटचं पान, पिवळं पडलेलं. त्यात स्पष्ट लिहिलेलं, चेकवर कुठल्याही एका डायरेक्टरची एकट्याची सही चालते. नेटबँकिंगची मंजुरी वेगळी, चेक वेगळा! म्हणजे एक चेक आणि सोबत १८४ खात्यांची यादी लेटरहेडवर दिली की बँक आतून रक्कम टाकते. तीन दिवस मी नव्या युजरच्या मागं पळत होतो आणि रस्ता आमच्याच कपाटात होता. सोमवारी सकाळी बँकेत जाऊन विचारलं, मॅनेजर म्हणाले ५ तारखेला दुपारपर्यंत यादी द्या, ६ ला जमा करतो. मी म्हटलं मेलवर लिहून द्या. दिलं. तेव्हा कुठं ४ तारखेला पाचला दहा मिनिटं असताना मी बोर्डवर "बुधवार, ६ सप्टेंबर" लिहिलं. पाच वाजता बोर्डासमोर साठ-सत्तर जण उभे होते, म्हणजे ती वेळ लोकांनी खरंच धरली होती.

यादी देताना खाते नंबर दोन जणांनी मोठ्यानं वाचून ताळा करा. आमचे दोन नंबर चुकलेले सापडले.

अजून एक, हे खरं आधी सांगायला पाहिजे होतं: नोटीस बोर्डवर जायच्या आधी खातेप्रमुखांना समोर बसवून सांगा आणि त्याच तासात मोठ्या गिऱ्हाइकांना फोन करा. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला बाहेरून कळलं आणि त्यांनी डिस्पॅचबद्दल चार मेल टाकले. साहेबांच्या मेल आयडीवर येणारं सगळं नव्या माणसाकडं वळवा. आणि शिफ्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन कोण आहे बघा. आमच्या तीन ग्रुपचे साहेब एकटेच ॲडमिन होते, त्यांना फोन केला तर त्यांनी स्वतःहून सुपरवायझरला ॲडमिन केलं, पोरांना "चांगलं काम करा" लिहिलं आणि बाहेर पडले.

६ तारखेला अकराच्या चहाला कँटीनमध्ये एकामागून एक फोन वाजायला लागले. फेटलिंगच्या मामांनी मेसेज मला वाचायला दिला, चष्मा नव्हता त्यांच्याकडं, मी आकडा वाचला, त्यांनी परत वाचायला लावला. बँकेचा नवा युजर चालू झाला तेव्हा गणपती बसून गेले होते.