एकटी पडलेली ‘राहिली’

सोलापुरात नवी पेठेत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांचे अहवाल ही रोजची कामं, कवितासंग्रह वर्षातून एखादाच. त्या डिसेंबरात एक निवृत्त शिक्षक पेनड्राइव्ह घेऊन आले. त्यांना चौसष्ट पानी पुस्तिका गड्ड्याच्या यात्रेआधी हवी होती. साडेपाच बाय साडेआठ इंचांचं पान, दोन्ही बाजूंचा समास सोडून ओळीला चार इंच जागा. कविता म्हटल्यावर काम सोपं, असं मला वाटलं.

पहिलं प्रूफ वाचायला सर नातीला घेऊन आले. ती मोठ्यानं वाचत होती आणि सर डोळे मिटून ऐकत होते. एका ओळीपाशी ती थांबली, श्वास घेतला आणि मग सावकाश म्हणाली, “राहिली.” सरांनी डोळे उघडले. “इथं का थांबलीस?”

“आजोबा, इथं ओळ संपली ना!”

सरांची मूळ ओळ एकच होती: ‘यंत्रमागाच्या खडखडाटात आईनं गायलेली ओवी धोट्यासारखी इकडून तिकडे जात राहिली’. चार इंचांत ती मावली नाही, म्हणून शेवटचा शब्द खाली उतरला आणि डाव्या कडेला इतर ओळींच्या रांगेत जाऊन बसला. ही ओळ कवीनं तोडलेली की पानानं, हे त्या पोरीला कळणार कसं?

माझ्या मनात आधी आलं ते अक्षर बारीक करणं. तेरा पॉइंटचं साडेनऊ केलं तेव्हा कुठे सगळ्यात लांब ओळ बसली. पण एका ओळीसाठी अख्खं पुस्तक औषधाच्या चिठ्ठीसारखं दिसायला लागलं. सरांनी चष्मा पुसला आणि काही बोलले नाहीत. मी मुकाट्यानं तेरावर परत आलो.

मग दुमडलेली ओळ आत सरकवायची ठरवली. इनडिझाइनमध्ये Left Indent 8 mm आणि First Line Indent -8 mm दिलं, की ओळीची सुरुवात कडेला राहते आणि उरलेला भाग आठ मिलिमीटर आत जातो. पण लावलं आणि घोटाळाच झाला. प्रत्येक कडव्याची पहिली ओळ तेवढी बाहेर, बाकी सगळ्या आत! टाइप करणाऱ्यानं कडव्यातल्या ओळी Shift+Enter नं तोडल्या होत्या, त्यामुळे प्रोग्रामच्या लेखी अख्खं कडवं हा एकच परिच्छेद होता. Find/Change मध्ये `^n` म्हणजे Shift+Enter च्या जागी `^p` म्हणजे Enter घातलं, तेव्हा कवीची प्रत्येक ओळ वेगळा परिच्छेद झाली.

आता Shift+Enter माझ्या कामाला मोकळा झाला. Enter कवीचा, Shift+Enter पानाचा. ‘राहिली’ एकटी लोंबकळत ठेवायची नव्हती, म्हणून मी ‘धोट्यासारखी’नंतर तोडलं आणि ‘इकडून तिकडे जात राहिली’ एकत्र खाली नेलं. वाचताना जीभ जिथे सहज टेकते, तिथेच तोडायचं. ‘जात’ आणि ‘राहिली’ ही जोडी फोडली की ठेच लागते. दोन्ही कडा सरळ करणारी मांडणी मात्र काढून टाकावी लागली. तिच्यात Shift+Enter मारलेल्या ओळीतले शब्द फाकतात. कवितेला डावी कड सरळ असली की पुरे.

एका कवितेत सरांनी स्वतःच ओळी पायऱ्यांसारख्या आत नेल्या होत्या, सगळ्यात आतली बारा मिलिमीटरवर. तिथे आठावर दुमडलेला तुकडा त्यांची पायरीच वाटला असता, म्हणून त्या एका कवितेपुरता तो वीसवर नेला.

आखूड ओळींच्या कविता डावीकडे चिकटून पानाची उजवी बाजू ओकीबोकी दिसत होती. सगळ्यात लांब ओळ धरून मध्यावर आणल्या तरी त्या डावीकडेच कललेल्या दिसत. शेवटी बहुतेक ओळींची लांबी धरून अंदाजानं सरकवल्या. त्याला सूत्र नाही, पान हातभर लांब धरून बघायचं.

सुरुवातीसाठी प्रत्येक कवितेला नवं पान आणि शीर्षक दरवेळी त्याच उंचीवर. आधी मी रिकामे Enter मारून शीर्षक खाली ढकललं होतं. एका पानावर चार, दुसऱ्यावर पाच झाले आणि पानं उलटताना शीर्षकं नाचायला लागली. ते सगळे काढून ती जागा सगळ्या पानांचा साचा असलेल्या मास्टर पानातच बांधून टाकली. दोन पानी कविता डाव्या पानावरून सुरू केल्या, म्हणजे मधे पान उलटावं लागत नाही. एका कवितेत कडवं नेमकं पानाच्या तळाशी संपत होतं. पुढच्या पानावर नवं कडवं आहे की तेच चालू आहे, कळेना. सरांची कडवी लहानमोठी, त्यामुळे मोजूनही समजत नव्हतं. शेवटच्या दोन ओळी पुढच्या पानावर ढकलल्या, मग कडव्यामधली मोकळी जागा पानावर दिसायला लागली.

या डाव्या पानाच्या नादात एक पान कोरं उरलं. सरांनी दोन कवितांची अदलाबदल सुचवली आणि ते भरलं. अनुक्रमणिका बदलायची मात्र मी विसरलो. प्लेट काढायच्या आधी नातीनंच ती चूक धरली.